कट-ऑफ आधी ठरवू नकोस

इंग्रजीच्या वर्गासाठी पातळी चाचणी काढते आहेस ना, मग पेपर आधी जुन्या मुलांना सोडवायला दे. ज्यांची पातळी आपल्याला रोज वर्गात दिसते, त्यांचे गुणच कट-ऑफ कुठे हवा ते सांगतात.

सांगलीत आम्ही ४० गुणांचा पेपर असाच तपासला. पहिल्या पातळीच्या मुलांना ८ ते १९ गुण पडले, दुसऱ्या पातळीच्या मुलांना १६ ते २९. म्हणजे १६ ते १९ या पट्ट्यात नुसत्या गुणांवर निर्णय होत नाही. त्या प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं, एक परिच्छेद लिहून घ्यायचा आणि मगच वर्ग ठरवायचा.

मग एकेक प्रश्न बघ. आमचा एक उतारा विमानतळावरच्या चेक-इनचा होता. जत तालुक्यातून आलेली, वाक्यं नीट लिहिणारी मुलंही तिथंच अडली, कारण ती कधी विमानतळावर गेलीच नव्हती. भाषा तीच ठेवून आम्ही उतारा एसटी स्टँडवरच्या आरक्षणाचा केला, तेव्हा तीच मुलं सुटली. वरच्या पातळीपेक्षा खालच्या पातळीची मुलं जास्त बरोबर सोडवतात असा प्रश्न दिसला, तर आधी उत्तरसूची तपास. ती बरोबर असेल तर प्रश्नच काढून टाक.

एवढं करूनही एखादं मूल चुकीच्या वर्गात जातंच. म्हणून पहिले दोन आठवडे वर्ग बदलायची मुभा ठेव, आणि हे पालकांना प्रवेशाच्या दिवशीच सांग.