रात्री सोफ्यावर बसून बाळाला पाजताना डुलकी लागते. हे खरंच धोक्याचं आहे का? सासूबाई आडवं होऊन पाजू देत नाहीत.

हो, आहे. पेंग येणारच असेल तर रात्रीपुरता सोफा आणि आरामखुर्ची दोन्ही सोडा.

आमच्याकडे हाच वाद नणंद बाळंतपणाला आली तेव्हा झाला. सासूबाईंचं मत ठाम: आडवं होऊन पाजलं की दूध कानात जातं, आणि बसून पाजलं की आई जागी राहते. म्हणून ती सिझरचे टाके सांभाळत रात्री-अपरात्री हॉलमधल्या सोफ्यावर बसायची, मांडीवर उशी घेऊन. एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ही मान टाकून गाढ झोपलेली आणि बाळ उशीवरून घसरून तिची कूस आणि सोफ्याची पाठ यांच्यामधल्या फटीत. नाक गादीत रुतलेलं, आवाज नाही. उचललं तेव्हा कुठे रडलं. सासूबाई म्हणाल्या, "खाली नाही ना पडलं? मग झालं तर."

पण भीती पडण्याची नसतेच मुळी. सोफ्याची बैठक मऊ आणि मागे उतरती, त्यामुळे बाळ आपोआप फटीकडे सरकतं. तिथे नाक दाबलं जातं, नाहीतर हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट बंद होते. तान्ह्याला मान सोडवून घेता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार सोफ्यावर कुणासोबत झोपलेल्या बाळाच्या मृत्यूचा धोका ६७ पटींपर्यंत वाढतो. डोळा लागण्याची शक्यता असेल तर त्यापेक्षा पलंग कमी धोक्याचा, हेही त्यांनीच म्हटलंय. आणि दूध उतरताना शरीरात जे स्रवतं त्यानेच गुंगी येते, तेव्हा "मी जागी राहीन" यावर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर कापसाची घट्ट गादी घातली, भिंतीपासून चांगली लांब. गोधडी, दुपटी, लोड सगळं उचललं. नणंदेच्या डोक्याखाली एकच उशी, शाल कमरेपर्यंत. ती कुशीवर, बाळ तिच्याकडे तोंड करून. पाजून झालं की बाळ शेजारच्या वेगळ्या बिछान्यात उताणं. मध्ये डोळा लागलाच, तर जाग येईल तेव्हा लगेच हलवायचं.

मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, घरात कुणी सिगारेट ओढत असेल, आईने झोप आणणारं औषध किंवा दारू घेतली असेल, तर गादीवरही सोबत झोपणं नको. पाजून होईपर्यंत कुणीतरी जागं बसा. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवीही जास्त जपा. बाटली घेऊन सोफ्यावर बसणाऱ्या बाबांनाही हे सगळं लागू.

राहिलं कानाचं. गालावरून ओघळलेलं दूध पडद्यापलीकडे जात नाही, पुसून टाकायचं. उताण्या बाळाच्या तोंडात बाटली देऊ नये हे खरं, पण ती गोष्ट वेगळी. तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवा. माझ्या अजून ऐकायला तयार नाहीत.