बायपासआधी श्वासाचा व्यायाम: तीन गोळ्या आणि स्प्रिंगचं यंत्र

प्रश्न: बाबांची बायपास तीन आठवड्यांनी ठरली आहे. वय ७१, मधुमेह आहे, सकाळी खोकून कफ पडतो. श्वासाचे स्नायू मजबूत करणारं एक यंत्र ऑनलाइन दिसतं. घरी तीन गोळ्यांचं यंत्र आहेच, मग हे वेगळं घ्यायचं का? खरंच उपयोग होतो का?

उत्तर:

मी हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या बाबांसारख्या रुग्णाला या यंत्राचा उपयोग होऊ शकतो. सर्जनची परवानगी मात्र आधी घ्या, कारण मनात आधी शंका येते ती त्यांच्या हृदयाचीच.

गोळ्यांचं यंत्र आणि हे यंत्र ही दोन वेगळ्या कामांची साधनं आहेत. गोळ्या वर जातात त्या हवेच्या वेगावर. त्यात ओढायला जोर जवळजवळ लागतच नाही. सावकाश, खोल श्वास घेऊन फुफ्फुसाचा तळ उघडावा, एवढंच त्याचं काम, आणि ते ऑपरेशननंतरचं आहे. दुसऱ्या यंत्रात स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. तुम्ही ठरावीक जोराने आत ओढलं तरच ती उघडते, नाहीतर हवा येतच नाही. हा जोर सेंटिमीटर पाण्यात मोजतात. शहाळ्यात स्ट्रॉ उभी धरून पाणी वीस सेंटिमीटर वर आणायला जेवढं ओढावं लागतं, तो वीसचा दाब. गोळ्यांनी स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. झडपेने वाढते, कारण प्रत्येक श्वासाला डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, वजन उचलावं लागतं.

बायपासआधी हे का करायचं? छातीचं हाड कापून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस श्वास उथळ राहतो. दुखतं म्हणून खोकलाही जोरात येत नाही. फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे कफ साचतो आणि मग न्यूमोनिया होऊ शकतो. ऑपरेशननंतर स्नायूंची ताकद घटणार हे ठरलेलंच असतं. म्हणून आधीच थोडी शिल्लक वाढवून ठेवायची.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी हे २७९ बायपास रुग्णांवर तपासलं आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्ण जोखमीचे निवडले होते. वय, मधुमेह, धूम्रपान, कफाचा खोकला, वजन आणि फुफ्फुसाचा आजार यांवरून जोखीम ठरवली होती. एका गटाने ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे रोज वीस मिनिटं झडपेच्या यंत्राने सराव केला. फुफ्फुसाच्या गुंतागुंती त्या गटात १८ टक्के रुग्णांना झाल्या, नेहमीच्या गटात ३५ टक्क्यांना. न्यूमोनियाचं प्रमाण ६.५ विरुद्ध १६.१ टक्के होतं. मात्र सरावाच्या गटाला खोकण्याच्या आणि कफ काढण्याच्या पद्धतीही आधीच शिकवल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही. २०१५ मध्ये हृदय आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे बारा छोटे अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांतही न्यूमोनिया आणि फुफ्फुस मिटणं कमी झालेलं दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम ठरवला गेला. तरीही मी हे सुचवते, कारण वेळ थोडा लागतो, धोका कमी आहे आणि त्या वयात न्यूमोनिया फार महागात पडतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं, ते एका आजोबांवरून सांगते. वय ६८, मधुमेह, बिडी सोडून काही महिने झालेले. पहिल्या दिवशी दाब मोजायच्या मीटरवर त्यांना पूर्ण जोराने ओढायला सांगितलं. तीन-चार प्रयत्नांतला सर्वात चांगला आकडा ५८ आला. त्याच्या ३० टक्के म्हणजे साधारण १७, तिथे स्प्रिंग लावली. नाकाला चिमटा, पाठ ताठ, तोंडाचा भाग ओठांनी घट्ट धरलेला. ओढताना पोट पुढे आलं पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. सोडताना सावकाश सोडायचं. सत्र वीस मिनिटांचं, पण दम लागला की थांबायचं, मग पुन्हा सुरू करायचं. संपल्यावर शून्य ते दहाच्या मापावर कष्ट किती वाटले, हे ते मला सांगायचे. पाचपेक्षा कमी आलं की पुढच्या वेळी दाब सुमारे ५ टक्क्यांनी वाढवायचा. तीन आठवड्यांत असा सात वेळा वाढवला आणि आम्ही २४ वर पोचलो.

पहिल्या आठवड्यात एक चूक होत होती. झडप उघडल्याचा सूं आवाज यायचा, पण अर्ध्या सेकंदात थांबायचा. बघितलं तर गाल आत गेलेले होते. स्ट्रॉने ओढावं तसं ते तोंडानेच ओढत होते. गालांचा जोर झडप क्षणभर उघडतो, छाती मात्र जागेवरच राहते. "आजोबा, हात पोटावर ठेवा आणि पोटाने हात पुढे ढकला," असं सांगितल्यावर आवाज दीड-दोन सेकंद टिकायला लागला. तुम्हीही बाबांच्या शेजारी बसून हा आवाज ऐका आणि गाल बघा. आकडा वाढला आणि आवाज तुटका झाला, तर दाब जास्त आहे, एक पायरी खाली या. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार भरभर होत आहेत.

यंत्र घेताना त्यावर दाबाचे आकडे आहेत का, हे बघा. साध्या वैद्यकीय मॉडेलवर ९ ते ४१ अशी पट्टी असते आणि बहुतेक ज्येष्ठांना तेवढी पुरते. नुसत्या १, २, ३ अशा पातळ्या असतील तर ३० टक्के कुठे येतं, ते कळत नाही. भोकाचा आकार बदलून चालणारी स्वस्त यंत्रं मी टाळते. सावकाश ओढलं की त्यात ओझंच पडत नाही, आणि रुग्ण नकळत सावकाश ओढतो.

यंत्राने फुफ्फुसं मोठी होत नाहीत आणि श्वासनलिका रुंद होत नाहीत. वाढते ती स्नायूंची ताकद. म्हणून सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, रुग्णांकडून मी वेगळी अपेक्षा ठेवते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत श्वासाचे स्नायू कमजोर असलेल्या अशा २१९ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना चालण्या-सायकलच्या व्यायामासोबत हा सराव दिला. ताकद वाढली, पण सहा मिनिटांत चाललेलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलं नाही.

विश्रांतीतही छातीत दुखत असेल, पूर्वी फुफ्फुसाभोवती हवा साचली असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर हा सराव सुरू करू नका. सराव करताना छातीत दाब वाटला तर लगेच थांबून कार्डिओलॉजिस्टना फोन करा. पहिलं सत्र घरी नको, फिजिओथेरपिस्टसमोर करा आणि दाबही तिथेच मोजून घ्या. नंतर आठवड्यातून एकदा दाखवून या.

ऑपरेशन झालं की मी स्प्रिंगचं यंत्र बाजूला ठेवते आणि गोळ्यांचं हातात देते. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं, हे मात्र बाबांना आजच शिकवून ठेवा. टाके असताना पहिल्यांदा शिकवलेलं डोक्यात राहत नाही.