तीन स्टारच्या रिव्ह्यूंमध्ये नेमकं काय शोधायचं?

प्रश्न: फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्यायचं आहे. एक मॉडेल नुकतंच बाजारात आलंय, त्याला जवळपास सगळे पाच स्टार देतायत. दुसरं बरंच जुनं आहे आणि त्याचं रेटिंग कमी आहे. आधी तीन स्टारवाले रिव्ह्यू वाच असं सगळे सांगतात, पण त्यात शोधायचं काय?

उत्तर:

सगळ्यात आधी हे शोधायचं, की लिहिणाऱ्यानं मशीन किती दिवस वापरून मग लिहिलंय. ज्या वाक्यात 'आठ महिन्यांनी', 'वॉरंटी संपल्यावर', 'आता दुसरं वर्ष चालू आहे' असं काही येतं ते वाक्य कामाचं. बाकीच्यावरून नजर फिरवली तरी चालतं.

नव्या मॉडेलचे पाच स्टार बहुधा खोटे नसतात, ते फक्त फार लवकर दिलेले असतात. विक्रीची साइट डिलिव्हरी झाल्यावर काही दिवसांतच 'रेटिंग द्या' म्हणून मागे लागते. तोवर मशीनमध्ये कपड्यांच्या चार-पाच खेपा धुऊन झालेल्या असतात. तेवढ्यावर माणूस काय लिहिणार? दिसायला छान, बसवायला आलेला माणूस सभ्य, आवाज अजिबात नाही. शिवाय सुरुवातीच्या रिव्ह्यूंमध्ये कंपनीनं रिव्ह्यूसाठी फुकट दिलेल्या मशीनचेही रिव्ह्यू मिसळलेले असू शकतात. चांगल्या साइटवर तशी नोंद असते, ती पाहून घ्या.

'आवाज अजिबात नाही' हे कौतुक बिनकामाचं का, ते कळायला मशीन आतून कसं आहे ते पाहावं लागतं. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो आणि त्याचा सगळा भार मागच्या बाजूच्या एका शाफ्टवर येतो. हा शाफ्ट सहसा दोन बेअरिंगमध्ये फिरतो. पाणी बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून आतल्या बाजूला एक रबरी सील असतं. सील झिजलं की साबणाचं पाणी आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग गंजतं. आधी स्पिनच्या वेळी बारीक घरघर येते, मग ती वाढत जाते आणि शेवटी विमान उडाल्यासारखा आवाज येतो. कधी मागच्या बाजूनं तपकिरी ओघळही दिसतो. हे सगळं व्हायला साधारणपणे काही वर्षं लागतात. नवं बेअरिंग कुठल्याही मशीनमध्ये शांतच चालतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या शांततेवरून चांगलं सील आणि वाईट सील यांतला फरक कळत नाही. ड्रमभोवतीचा टब तोलून धरणारे शॉक अब्सॉर्बर आणि दाराचं रबरी गॅस्केट यांचंही तसंच. नव्यात सगळ्यांचेच चांगले असतात.

त्या सुरुवातीच्या रिव्ह्यूंचा एकच उपयोग होतो. जे पहिल्या दिवसापासून बदलत नाही ते त्यांत नीट कळतं: ड्रेन पाइप किती लांब आहे, दार किती उघडतं, धुणं संपल्यावरची शिट्टी बंद करता येते की नाही. एवढं टिपून घ्या आणि पुढे जा.

आता तीन स्टारकडे. पाच स्टार बऱ्याचदा खरेदीच्या आनंदात दिलेले असतात आणि एक स्टार रागात, बहुतेक वेळा डिलिव्हरीवरच्या किंवा सर्व्हिसवरच्या. तीन स्टार देणारा अजून ते मशीन वापरत असतो. त्याला त्यातलं काहीतरी आवडलेलं असतं आणि काहीतरी खुपत असतं, म्हणून तो दोन्ही लिहितो आणि बहुतेकदा कारणासकट लिहितो. अशा रिव्ह्यूंची संख्याही सहसा कमी असते, त्यामुळे सगळे वाचून होतात.

जुन्या मॉडेलचे समजा ४० तीन-स्टार रिव्ह्यू आहेत. ते नव्याकडून जुन्याकडे लावून वाचा आणि वाचता वाचता बाजूला काढत जा.

पहिल्यांदा काढायचे ते मशीनशी संबंध नसलेले. खोका फाटलेला होता, माणूस उशिरा आला, पाइप वेगळा विकत घ्यावा लागला. असे १२ निघाले म्हणू.

मग ज्या तक्रारी मुळात फ्रंट लोड प्रकाराच्याच आहेत त्या. 'सुती कपड्यांच्या इको प्रोग्रामला तीन तासांवर वेळ लागतो' हा बिघाड नाही. पाणी कमी तापवायचं आणि त्या बदल्यात जास्त वेळ धुवायचं, अशीच त्या प्रोग्रामची वीज वाचवायची रीत आहे. 'एकटी जाड चादर टाकली तर स्पिनच होत नाही' हेही तसंच. ओली चादर गोळा होऊन एका बाजूला बसते, मशीनला तोल गेल्याचं कळतं आणि ते स्पिन थांबवतं. काही मशीनवर तेव्हा UE सारखा कोड दिसतो. सोबत दोन-तीन टॉवेल टाकले की बहुतेकदा प्रश्न सुटतो. अशा तक्रारी दुसऱ्या मॉडेललाही येणारच, म्हणून त्या तुलनेत धरायच्या नाहीत. हे ११ झाले.

तिसरा गठ्ठा फसवा असतो, त्यावर थोडं थांबा. 'स्पिनला मशीन अक्षरशः चालायला लागतं, सगळं घर हादरतं' असं कुणी लिहिलं की वाचणारा घाबरून ते मॉडेलच सोडून देतो. पण तक्रार पहिल्याच धुण्यापासूनची असेल तर सगळ्यात आधी संशय ट्रान्झिट बोल्टवर घ्यायचा. वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागच्या बाजूनं बहुधा तीन ते पाच लांब बोल्ट घालून तो जखडलेला असतो. पहिल्या धुण्याआधी ते काढून त्या भोकांत प्लॅस्टिकची बुचं बसवायची असतात. बोल्ट तसेच राहिले तर स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर काम करू शकत नाहीत आणि सगळा हादरा मशीनच्या अंगात उतरतो. जमीन असमान असली किंवा पायांचे नट नीट आवळलेले नसले तरी मशीन सरकतं. म्हणजे ही चूक बसवण्याची. याउलट 'वर्षभर ठीक होतं, मग हादरायला लागलं' असं लिहिलं असेल तर शॉक अब्सॉर्बर झिजल्याची शक्यता येते आणि तो रिव्ह्यू पुढच्या गठ्ठ्यात जातो. तक्रारीचे शब्द तेच असले तरी ती कधी सुरू झाली यावरून दोष कुणाचा ते ठरतं. या गठ्ठ्यात ७ गेले.

उरले १०, आणि तुमचा निर्णय या दहांवर. इथे दोनच गोष्टी पाहायच्या: भाग तोच आहे का, आणि वय तेच आहे का. एकाचं दाराचं लॉक गेलं, दुसऱ्याचा ड्रेन पंप अडकला, तिसऱ्याचा पीसीबी उडाला, असं विखुरलेलं असेल तर ते कुठल्याही मशीनमध्ये होणारे तुरळक बिघाड समजा. ड्रेन पंप तर बरेचदा खिशातल्या नाण्यानं किंवा केसांच्या पिनेनं अडकतो. पण दहांपैकी पाच जण दीड ते दोन वर्षांच्या आसपास स्पिनमधल्या घरघरीबद्दल लिहीत असतील, तर सील किंवा बेअरिंग कमजोर असल्याची ती खूण आहे. बेअरिंगनं इतक्या लवकर जायला नको. गॅस्केटच्या काळ्या बुरशीचंही असंच तपासायचं. दार कायम बंद ठेवणं, साबण जास्त घालणं आणि नेहमी गार पाण्यातच धुणं यांनी बुरशी कुठेही येते. पण 'दार उघडं ठेवतो, रोज पुसतो, तरी खालच्या घडीत पाणी साचतं' असं वेगवेगळे लोक लिहीत असतील तर त्या घडीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही, आणि तो दोष रचनेचा.

अशी एखादी खूण सापडली की मगच एक स्टारवाल्यांकडे जा, तेही सगळे वाचायला नाही. रिव्ह्यूंच्या शोधचौकटीत 'बेअरिंग', 'आवाज', 'घरघर', 'noise' एवढंच टाका. तीन स्टारमध्ये आणि एक स्टारमध्ये तोच भाग त्याच वयात बिघडलेला दिसला तर संशय पक्का धरा.

यात एक अडचण येते. बऱ्याच साइट एकाच मालिकेतल्या सात, आठ, नऊ किलोच्या मशीनचे रिव्ह्यू एकत्र दाखवतात. कधी तर जुन्या मॉडेलचे रिव्ह्यूही नव्याच्या पानावर आलेले असतात. प्रत्येक रिव्ह्यूवर कोणता प्रकार घेतला ते लिहिलंय का पाहा आणि मॉडेल बाजारात येण्याआधीच्या तारखेचे रिव्ह्यू वेगळे काढा.

आणखी एक मर्यादा. किती मशीन विकली गेली हे तुम्हाला माहीत नसतं, त्यामुळे 'दहांपैकी पाच' याचा अर्थ निम्मी मशीन बिघडतात असा होत नाही. बिघाड कोणता आणि किती वयात, एवढंच या रिव्ह्यूंवरून कळतं. बिघाडाचं प्रमाण कळत नाही. म्हणूनच दोन मॉडेलच्या सरासरी रेटिंगची तुलना मी करत नाही. नव्याची सरासरी सुरुवातीच्या आनंदातली असते, जुन्याच्या सरासरीत चार वर्षांचे बिघाड मिसळलेले असतात.

मग नव्या मॉडेलचं काय करायचं? त्याच्या आतलं सगळं नवं असेलच असं नाही. कंपन्या पुष्कळदा तोच टब आणि तोच पंप ठेवून पुढची पाटी, डिस्प्ले आणि प्रोग्राम बदलतात. सुटे भाग विकणाऱ्या साइटवर नव्या मॉडेलचा नंबर टाकून बेअरिंग, सील, शॉक अब्सॉर्बर आणि ड्रेन पंप यांचे पार्ट नंबर काढा. तो भाग आणखी कोणत्या मॉडेलना लागतो त्याची यादी तिथे बहुधा असते. चारही भाग एखाद्या जुन्या मॉडेलशी जुळले तर त्या जुन्याचे तीन-स्टार रिव्ह्यू वाचा, नव्या मशीनबद्दलही ते बरंच सांगतील. काहीच जुळत नसेल, किंवा मॉडेल इतकं नवं असेल की सुटे भाग यादीतच आलेले नाहीत, तर त्या मशीनला अजून इतिहासच नाही. अशा वेळी मी जुनं घेईन, अर्थात त्या शेवटच्या दहांमध्ये एकाच भागाची रांग लागलेली नसेल तर.

ते पार्ट नंबर शोधताना आणखी एक पाहून घ्या: बेअरिंग सुटं मिळतं की टबसकटच घ्यावं लागतं. काही मशीनचा बाहेरचा टब दोन भाग कायमचे चिकटवून बनवलेला असतो. तो उघडत नाही, म्हणून छोटंसं सील गेलं तरी अख्खा टब बदलावा लागतो आणि खर्च इतका येतो की लोक मशीनच टाकून देतात. बोल्टनं जोडलेला टब उघडून नुसतं बेअरिंग आणि सील बदलता येतं. 'मोटरला दहा वर्षांची वॉरंटी' या ओळीनं यात काही फरक पडत नाही, कारण त्या वॉरंटीत बेअरिंग आणि टब सहसा येत नाहीत. घेण्याआधी वॉरंटीच्या कागदावर या दोन भागांची नावं आहेत का ते वाचा, आणि नसतील तर टब उघडतो का हे सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.