वॉक-इनचा मेल लिहायचा कोणी?

«मुलगा बी.कॉम. झालाय. शनिवारी महापेला वॉक-इन आहे, जाहिरातीत वेळ दहा ते एक दिली आहे. कंपनीला कन्फर्मेशनचा मेल मी त्याच्या वतीने लिहून ठेवलाय, सगळ्या मार्कशीटही जोडल्यात. तो म्हणतो, वॉक-इनला मेल लागतच नाही, आरामात बाराला निघेन. माझ्या आयडीवरून पाठवून देऊ का?» — एक वडील, ठाणे

नका पाठवू. तुमच्या आयडीवरून मेल गेला की उत्तर तुमच्या फोनवर येणार. एचआरने फोन करून काही विचारलं तर मुलाला ठाऊकच नसणार की त्याच्या नावाने काय लिहिलंय. नोकरी त्याला करायची आहे आणि पहिल्या मेलपासून तुम्ही मध्ये उभे. तो बाराला निघेन म्हणतो, त्यातला थोडा भाग तुमच्या या घाईलाच उत्तर असावं असं मला वाटतं.

मात्र त्याचंही चुकतंय. दहा ते एक ही बहुतेक ठिकाणी नाव नोंदवण्याची वेळ असते. आधी गेटवर ओळखपत्र दाखवून पास घ्यायचा, मग फॉर्म भरायचा, कधी लेखी चाचणी, त्यानंतर मुलाखत. गर्दी वाढली तर नोंदणी लवकर बंद होऊ शकते. ठाण्याहून बाराला निघून ट्रान्स-हार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे, तिथून रिक्षा, असं करत पावणेएकला पोचलेला मुलगा गेटवरूनच परत येऊ शकतो.

मेल त्याने स्वतः, स्वतःच्या आयडीवरून, गुरुवारी सकाळी लिहावा. चार-पाच ओळी पुरेत. विषयात पदाचं नाव, तारीख आणि त्याचं नाव असावं. मजकुरात तीन गोष्टी विचाराव्यात: प्लॉट नंबर आणि इमारतीसह पूर्ण पत्ता, रिपोर्टिंगची शेवटची वेळ, आणि सोबत आणायची कागदपत्रं. खाली मोबाइल नंबर द्यावा.

पत्त्याचा प्रश्न उगाच वाटतो, पण तोच महत्त्वाचा. एचआरच्या सहीखाली अनेकदा मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो आणि मुलाखत भलत्याच ठिकाणी असते. त्यात महापे ज्यात येतं तो टीटीसीचा औद्योगिक पट्टा दिघ्यापासून तुर्भ्याच्याही पुढे पसरलाय, तेव्हा नुसतं «एमआयडीसी» सांगून रिक्षावाला कुठे नेणार?

मार्कशीट मात्र मेलला जोडू नयेत, त्या कोणी मागितलेल्या नाहीत. शनिवारी मूळ कागद दाखवायला आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्सचा एक संच द्यायला न्यावा. रेझ्युमे, फोटो आणि मूळ ओळखपत्रही हवं. मूळ मार्कशीट कोणी ठेवून घेऊ लागलं तर देऊ नये. आधार आणि मार्कशीटवरच्या नावात फरक असेल तर फॉर्म भरतानाच तसं सांगावं.

शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन त्याने फोन करावा. जाहिरातीतला मोबाइल नंबर वापरू नये. उत्तरात नोंदणीचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले असतील तर शनिवारी जायचंच नाही.