क्लेमचे पैसे अडकले तर अकाउंट्सला काय लिहायचं

प्रिय,

अकाउंट्सला लिहिलेला तुझा मेल अजून पाठवू नकोस. आधी तारखा मोज.

तू प्रवासखर्चाचा क्लेम ४ मेला, सोमवारी भरलास. साहेबांची मंजुरी ११ मेची. धोरणात १५ कामाचे दिवस दिलेत, पण ते मंजुरीपासून. तू भरल्या दिवसापासून मोजलेस म्हणून मुदत २५ मेलाच संपली असं तुला वाटतंय. शनिवार-रविवार वगळून ११ पासून मोजलंस तर ती १ जूनला संपते. आज २७ तारीख. आत्ता ‘उशीर झाला’ असं लिहिलंस तर उत्तरात फक्त धोरणाचा परिच्छेद येईल.

२ जूनपर्यंत खात्यात काही आलं नाही तर लिही. नवा मेल नको; मंजुरीचा मेल आला त्यालाच उत्तर दे, म्हणजे मंजुरीचा पुरावा खालीच राहतो. विषयात क्लेम क्रमांक हवाच, कारण अकाउंट्सवाले नावाने शोधत नाहीत, क्रमांकाने शोधतात. मजकूर एवढा पुरे:

‘नमस्कार, क्लेम क्र. ४१८, प्रवासखर्च, रक्कम १८,४५०. सादर ४ मे, मंजूर ११ मे. १५ कामाचे दिवस १ जूनला पूर्ण झाले. रक्कम अद्याप जमा झालेली नाही. क्लेम सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि माझ्याकडून काही कागद हवा आहे का, हे कृपया शुक्रवार, ५ जूनपर्यंत कळवावे.’

‘पैसे कधी मिळतील?’ असं विचारलंस की ‘लवकरच’ एवढंच उत्तर येतं. टप्पा विचारलास तर कुणाला तरी सिस्टीम उघडून बघावं लागतं. बिल तपासणीत अडकलं असेल तर बहुधा हॉटेलच्या बिलाऐवजी कार्डाची स्लिप जोडलेली असते. स्लिपवरून पैसे दिल्याचं कळतं, कशाचे दिले ते कळत नाही. पेमेंटच्या यादीत असेल तर पुढची यादी बँकेत कधी जाते ते विचार. आणि ‘पेमेंट झालं’ म्हणाले तर व्यवहार क्रमांक माग, आधी स्वतःचा खाते क्रमांक पडताळ. खातं चुकीचं असेल तर पैसे बँकेकडून परत येतात, पण त्यांच्या नोंदीत क्लेम बराच काळ ‘अदा’ दिसत राहतो. कमी रक्कम आली असेल तर तो उशीर नव्हे, कपात. कोणत्या बिलावर कापली ते वेगळं विचार.

पहिल्याच मेलमध्ये साहेबांना सीसीत घालू नकोस, ती तक्रार वाटते. महिन्याचे पहिले काही दिवस हिशेब बंद करण्यात जातात, म्हणून ५ तारीख उलटली तरी लगेच मागे लागू नकोस; सोमवारी, ८ ला, एक फोन कर. त्यातही उत्तर नाही मिळालं तर त्याच मेलखाली दोन ओळी लिहून साहेबांना जोड.

आणि तो क्लेम पुन्हा भरू मात्र नकोस. दुबार म्हणून दोन्ही अडकतात.

तुझा,
दादा