पगारवाढीच्या अर्जातले तीन ‘च’

“ताई, पगारवाढ मागितली की धमकी दिल्यासारखं वाटतं. आणि नुसतं ‘विचार व्हावा’ लिहिलं तर वर्षभर कुणी बघत नाही. लिहायचं तरी कसं?”

सुलक्षा (नाव बदललं आहे) डिचोलीहून रोज कळंगुटला जाते, एका हॉटेलचं स्टोअर आणि खरेदी सांभाळते. पहिल्या भेटीत तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: “दोन वर्षं स्टोअर मीच सांभाळते. माझ्यामुळेच बिलांतली गळती थांबली. आता तरी योग्य पगारवाढ मिळायलाच हवी, नाहीतर मला दुसरा विचार करावा लागेल.”

“आकडा कुठे आहे?” मी विचारलं.

“आकडा लिहिला तर उद्धट दिसेल ना!”

बहुतेक जण इथेच चुकतात. आकडा सभ्यपणे गाळतात आणि राग मात्र तसाच ठेवतात. ‘योग्य’ म्हणजे किती, हे साहेबाने ओळखायचं आणि त्याचा अंदाज चुकला की आपण दुखावायचं.

हे सांगितल्यावर “हातूंत राग खंय आसा?”, यात राग कुठे आहे, असं तिने कोकणीत विचारलं. ती मनापासून बोलली की कोकणीवर येते. मी लाल पेन तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, “यातले ‘च’ गोल करा.” मीच, माझ्यामुळेच, मिळायलाच. तीन गोल झाले. मग तिने स्वतःहून ‘आता तरी’ आणि ‘नाहीतर’ही गोल केले आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

समुपदेशनात मी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करते. ‘मिळावं’ ही इच्छा. ती ‘मिळायलाच हवं’ झाली की नकाराची भीती वाटू लागते, आणि त्या भीतीतून ‘नाहीतर’ येतं. मराठीत हा सगळा प्रवास एका अक्षरात होतो, हे मला अशाच अर्जांनी शिकवलं. तो ‘च’ मनातून निघाला की कागदावरून काढायला कष्ट पडत नाहीत. पहिल्या दोन भेटी आमच्या त्यातच गेल्या. साहेबांनी नाही म्हटलं तर काय? वाईट वाटेल, पण आपली किंमत शून्य होणार नाही, इथपर्यंत ती आली आणि मगच आम्ही लिहायला बसलो.

तिच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, फक्त ते ‘गळती थांबली’ या दोन शब्दांत दडलं होतं. गेटवर काटा ठेवून मासळी आणि भाजी मोजून घ्यायला तिने सुरुवात केली होती. बिलात वीस किलो आणि काट्यावर साडेअठरा, असं निघालं की ती पुरवठादाराकडून बिलातली तेवढी रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट घ्यायची. नोटांची फाइल तिच्याकडे होती. शेवटचा मसुदा असा झाला:

“जूनपासून दुसऱ्या रेस्टॉरंटची खरेदीही माझ्याकडे आहे. ऑगस्टपासून गेटवर वजन करून माल घेणं मी सुरू केलं. जानेवारीअखेर 84,000 रुपयांच्या क्रेडिट नोटा मिळाल्या, यादी जोडली आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीसाठी इसवणाचा दर मे महिन्यात ठरवून घेतला होता. माझा सध्याचा एकूण पगार 28,000 रुपये आहे. एप्रिलपासून तो 34,000 व्हावा, अशी विनंती आहे. याबद्दल बोलायला पुढच्या आठवड्यात वेळ द्याल का?”

34,000 हा आकडा तिने तशाच कामाच्या जाहिराती पाहून आणि दोन ओळखीच्यांना विचारून काढला होता. टक्के मी लिहू दिले नाहीत: बेसिकवर की एकूण पगारावर, यातच घोळ होतो. रक्कम लिहा आणि ती एकूण की हातात येणारी, तेही लिहा.

एक वाक्य मी हट्टाने काढायला लावलं: “मी 84,000 वाचवले, मागते वर्षाला 72,000.” हिशेब बरोबर होता, पण वाचवलेल्या पैशातून वाटा मागितल्यासारखा वाटला असता. मुलाची फी आणि घराचा हप्ता या ओळीही गेल्या, कारण त्या गरज सांगतात, कामाबद्दल काही सांगत नाहीत. मोपाकडच्या एका हॉटेलने तिला विचारलं होतं, तेही लिहायचं होतं तिला. खरंच जायचं असेल तर समोर बसून, वेगळं सांगा. लेखी अर्जात कितीही मऊ शब्दांत लिहिलं तरी ते ‘नाहीतर’सारखं वाचलं जातं.

नाताळाच्या गर्दीत अर्ज न देता तिने तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, नव्या वर्षाचं बजेट ठरण्याआधी दिला. जिथे वेतनश्रेणी ठरलेली असते तिथे या वाटेने फारसं हाती लागत नाही. तिथे बढती किंवा कामाचं स्वरूप बदलून मागावं लागतं. पण तिच्या ठिकाणी आकडा साहेबाच्या हातात होता.

साहेबांनी यादीतल्या दोन नोटांबद्दल विचारलं, मग 32,000 देऊ केले. पूर्वीची सुलक्षा तिथेच खट्टू होऊन उठली असती. ती म्हणाली, “चालेल सर. उरलेल्या दोन हजारांचं ऑक्टोबरमध्ये बघू, असं पत्रात लिहाल का?”

त्यांनी लिहून दिलं. ते पत्र ती मला दाखवायला घेऊन आली होती, त्याच पर्समधून, तशीच घडी घालून.