कर्ज काढण्याआधी एका रायडरचा एक दिवस मांडून बघा

प्रश्न: नाशिकला सिडको-इंदिरानगर भागात एका कुरिअर कंपनीची घरपोच डिलिव्हरी घेतो. तीन रायडर आहेत, गाड्या माझ्याच. प्रत्येक जण रोज ५० पार्सल नेतो, त्यातली ४० पोचतात. पोचलेल्याला २४ रुपये मिळतात, परत आलेल्याला काही नाही. पगार १४,३०० रुपये, २६ दिवस काम, दिवसाचं पेट्रोल १४० रुपये. गाळा, वीज, इंटरनेट मिळून ८,०००. महिन्याला १३ हजार सुटतात. कंपनी आता ओझर-पिंपळगाव बसवंत देतेय, रोज १०५ पार्सल. तीन गाड्या आणि तिथल्या खर्चासाठी ५ लाखांचं कर्ज (१२ टक्के, ३ वर्षं) घ्यावं का?

उत्तर: आत्ता नको.

तुमच्या १३ हजारांत गाडीची झीज धरलेली नाही. टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक आणि गाडी जुनी होत जाते तो खर्च मिळून किलोमीटरला १ रुपया धरा. १४० रुपयांचं पेट्रोल म्हणजे साधारण ६० किलोमीटर, म्हणजे रोजचे ६० रुपये झीज. मग एका रायडरचा दिवस असा दिसतो: ४० पार्सलांचे ९६० रुपये आले, पगार ५५०, पेट्रोल १४० आणि झीज ६० मिळून ७५० गेले. उरले २१०. तीन रायडरांचे महिन्याचे १६,३८०, त्यातून ८,००० वजा केले की राहतात ८,३८०. तुमची स्वतःची मेहनत यात अजून फुकटच आहे.

आता ओझर. सिडकोतून ओझर सुमारे वीस किलोमीटर, पिंपळगाव त्याच्याही पुढे. जाता-येताचं हे अंतर एकही पार्सल न देता कापलं जातं. शिवाय तिकडे बरीच घरं मळ्यात, पत्ता म्हणजे एखाद्या वस्तीचं नाव. तेव्हा दिवसाला ९० किलोमीटर धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीला ४५ चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर पेट्रोल २१०, झीज ९०, पगार ५५०, एकूण ८५०. रायडरच्या वाट्याला ३५ पार्सल येतील. अनोळखी भागात २७ पोचले तर हाती ६४८ येतात. म्हणजे रोज प्रत्येक रायडरमागे २०२ रुपये तोटा, तिघांचा महिन्याला १५,७५६. त्यावर कर्जाचा हप्ता सुमारे १६,६००. सिडकोची कमाई हे भोक बुजवायला पुरणार नाही. तोटा आणखी पार्सल आल्याने आपोआप भरून निघेल असंही समजू नका. ओझरला दिवसाला ३६ पार्सल *पोचली* तरच रायडर स्वतःचा खर्च काढतो, आणि तुमच्या रायडरला नेण्यासाठी मिळणार आहेत ३५.

खरे पैसे सिडकोतच अडकलेत. ५० फेऱ्यांवर ७५० खर्च, म्हणजे दारात जाण्याचे १५ रुपये. पार्सल पोचलं नाही तरी ते जातातच, आणि दुसऱ्या दिवशी तेच पार्सल पुन्हा निघालं तर परत जातात. म्हणून वहीत पार्सल नव्हे, फेऱ्या मोजा. रोज परत येणाऱ्या दहापैकी पाच जरी पोचली, तर रायडरमागे रोज १२० रुपये वाढतात; तिघांचे महिन्याला ९,३६०. आजच्या नफ्याहून जास्त, आणि कर्ज शून्य.

ती पाच कुठून येतील ते परतीच्या कारणांवरून कळतं. 'ग्राहक उपलब्ध नाही' हे कारण संध्याकाळी साडेसहा-सातच्या दरम्यान एकगठ्ठा टाकलेलं दिसलं, तर रायडर दारात गेलेलाच नाही असं समजा. अ‍ॅपमधलं लोकेशनही पडताळा. उपाय म्हणून नोंदीआधी फोन केलाच पाहिजे असा नियम करा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या पार्सलांना सकाळी दहाच्या आत फोन लावा: घरी आहात का, क्यूआर चालेल का. नकार तिथेच कळला की ते पार्सल पिशवीत जात नाही. 'पत्ता सापडला नाही' असेल, तर पोचल्यावर जवळची खूण लिहून ठेवायला लावा. नव्या रायडरला ती वही पहिल्या दिवसापासून कामी येते.

ओझरचं कंपनीला लगेच 'नाही' म्हणू नका. तिथला मागच्या ३० दिवसांचा पार्सलांचा आकडा आणि त्यातली कॅश ऑन डिलिव्हरीची टक्केवारी मागा, आणि २७ पोचल्या तरी खर्च निघावा म्हणून पार्सलला ३२ रुपये दर मागा. तेही नफ्याविना आहेत हे लक्षात ठेवा. दर वाढला नाही तर ओझरमध्येच राहणारा, स्वतःची गाडी असलेला एकच रायडर चार आठवडे घ्या आणि पार्सल त्याच्या घराजवळ उतरवायची सोय करा. रिकामं येणं-जाणं वाचलं की ९० किलोमीटर बरेच खाली येतात. त्याला पेट्रोल-झीज किलोमीटरच्या हिशेबाने द्या. नुसतं पार्सलवर पैसे दिले तर विरळ भागात तो फार दिवस टिकणार नाही.

बिलं ४५ दिवसांनी निघत असतील तर या एका रायडरमागेही तेवढे दिवस पदरचे पैसे गुंततात. ८५० च्या हिशेबाने दीड महिन्याचे सुमारे ३३ हजार. एवढे शिलकीतून निघत असतील तरच सुरुवात करा. दुसरा रायडर तेव्हा घ्या, जेव्हा पहिला सलग तीन आठवडे आपला खर्च काढून वर काही ठेवेल.